वाय-फायचा पासवर्ड बदलणं आणि घरातली सगळी उपकरणं परत जोडणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राउटरमध्ये पासवर्ड बदलायला पाच मिनिटं लागतात. त्यानंतर बल्ब, प्लग, कॅमेरा, प्रिंटर यांना परत जोडता जोडता रविवारची सकाळ जाते. म्हणून इथे राउटरपेक्षा त्या उपकरणांबद्दल जास्त लिहिलं आहे.

उदाहरण म्हणून मुलुंडचं एक टू-बीएचके घर धरू. घरात आजी, नवरा-बायको आणि कॉलेजात जाणारी मुलगी. चार फोन, दोन लॅपटॉप (त्यातला एक ऑफिसचा), स्मार्ट टीव्ही, प्रिंटर, बोलणारा स्पीकर, दाराबाहेर कॅमेरा, गिझरचा स्मार्ट प्लग, हॉलमध्ये दोन स्मार्ट बल्ब आणि आतल्या बेडरूमसाठी एक रिपीटर. एका खोलीत वर्षभर पेइंग गेस्ट होता, तो नुकताच गेला. वाय-फायचा पासवर्ड म्हणजे घरमालकांचा मोबाइल नंबर, कारण कनेक्शन लावायला आलेल्या मुलाने तोच टाकून दिला होता.

राउटरच्या यादीत अनोळखी डिव्हाइस दिसतंय. कोणी आमचं वाय-फाय चोरतंय का?

नुसत्या यादीवरून तसं म्हणता येणार नाही. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वाय-फायला जोडताना आपला खरा हार्डवेअर पत्ता लपवून बनावट पत्ता देतो. त्यामुळे यादीत नाव नसलेलं किंवा विचित्र आकड्यांचं दिसणारं डिव्हाइस तुमच्याच मुलीचा फोन असू शकतो. घरातलं एकेक उपकरण बंद करा आणि यादीतून काय गायब होतं ते बघा.

मुलुंडच्या घरात पासवर्ड बदलायला दोन कारणं पुरेशी आहेत. गेलेल्या पेइंग गेस्टच्या फोनमध्ये पासवर्ड साठवलेला आहे, आणि हल्लीच्या फोनवरून तो क्यूआर दाखवून कोणालाही देता येतो. म्हणजे एकाला दिलेला पासवर्ड किती जणांकडे पोचला हे तुम्हाला कधीच कळणार नाही. दुसरं कारण मोबाइल नंबर. भारतातले मोबाइल नंबर दहा आकडी आणि ६ ते ९ ने सुरू होणारे, म्हणजे एकूण शक्यता चारशे कोटी. आकडा मोठा वाटतो, पण फोन राउटरला जोडतो त्या क्षणीची देवाणघेवाण कोणी हवेतून पकडून ठेवली, तर चांगल्या ग्राफिक्स कार्डाला घरबसल्या एवढ्या शक्यता तपासायला काही तास पुरतात. शिवाय तुमचा नंबर सोसायटीच्या अर्ध्या लोकांकडे असतोच. त्यांना तेवढंही करावं लागत नाही.

सुरू करण्याआधी काय करून ठेवायचं?

एका कागदावर घरातल्या वाय-फायच्या सगळ्या वस्तू लिहा. खोलीखोलीत फिरून लिहा, आठवून नको. एसी, वॉशिंग मशीन, वॉटर प्युरिफायर, सेट-टॉप बॉक्स यांचा वाय-फायशी संबंध आहे हे लोक हमखास विसरतात.

प्रत्येक वस्तूपुढे तिचं अ‍ॅप कोणाच्या फोनमध्ये आणि कोणाच्या खात्यावर आहे ते लिहा. हे सगळ्यात महत्त्वाचं. बल्ब मुलीच्या खात्यावर असतील आणि ती कॉलेजला गेली असेल, तर संध्याकाळपर्यंत बल्ब भिंतीवरच्या बटणाने लावायचे.

गिझरचा प्लग हाताने बंद करा. काही प्लग वेळापत्रक स्वतःच्या आत ठेवतात आणि वाय-फाय नसलं तरी ठरल्या वेळी चालू होतात, तर काही होत नाहीत. तुमचा कुठला ते गिझरवर अजमावून बघू नका. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर ज्याचा कॉल आहे त्याला आधी विचारा.

राउटरचं पान उघडतच नाही. काय चुकतंय?

बहुतेकदा पत्ता चुकलेला असतो. `192.168.1.1` आणि `192.168.0.1` हे सगळ्यांना माहीत असतात, पण जिओच्या राउटरचा `192.168.29.1` असतो आणि काही फायबरच्या डब्यांचा `192.168.100.1`. अंदाज करत बसण्यापेक्षा फोनलाच विचारा. आयफोनमध्ये वाय-फायच्या नावापुढचा `i` दाबला की `Router` समोर पत्ता दिसतो. अँड्रॉइडमध्ये जोडलेल्या नेटवर्कच्या तपशिलात तो `Gateway` म्हणून असतो. विंडोजवर `Command Prompt` च्या काळ्या खिडकीत ही आज्ञा द्या आणि `Default Gateway` ची ओळ वाचा:

```
ipconfig
```

पत्ता बरोबर असूनही पान येत नसेल तर फोनचा मोबाइल डेटा आणि व्हीपीएन बंद करा. फोन जोडलेला वाय-फायला असतो, पण विचारणा मोबाइल डेटावरून पाठवतो, आणि तिकडे तुमचा राउटर नाही. पत्ता ब्राउझरच्या वरच्या पट्टीत `http://` लावून टाका, नाहीतर ब्राउझर त्याचा शोध घ्यायला जातो.

रिपीटरच्या नावाला जोडला असाल तर रिपीटरचंच पान उघडू शकतं. मुख्य डब्याजवळ उभे राहून मुख्य नावाला जोडा.

लॉगिन मागतंय. वाय-फायचा पासवर्ड टाकला, चालत नाही.

हे दोन वेगळे पासवर्ड आहेत. वाय-फायचा पासवर्ड घरात येण्यासाठी, आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड राउटरची सेटिंग्ज बदलण्यासाठी. अ‍ॅडमिनचा बहुधा डब्याच्या खाली चिकटवलेल्या स्टिकरवर असतो. मुंबईत बऱ्याच इमारतींत कनेक्शन स्थानिक केबलवाल्याचं असतं आणि त्याने तो बदलून स्वतःकडे ठेवलेला असतो. त्याला फोन करून मागा. कनेक्शन तुमचं आहे, वाय-फायचं नाव आणि पासवर्ड बदलायचा हक्कही तुमचा. तो अ‍ॅडमिनचा पासवर्ड द्यायला तयार नसेल तर निदान त्याच्याकडून वाय-फायचा पासवर्ड तुमच्यासमोर बदलून घ्या.

मोठ्या कंपन्यांचं कनेक्शन असेल तर त्यांच्या फोन-अ‍ॅपमध्येच वाय-फायचं नाव आणि पासवर्ड बदलायची सोय असते, आणि ती मोबाइल डेटावरून चालते. अ‍ॅपमध्ये दुसरं नेटवर्क तयार करता येत नसेल तर मात्र राउटरच्या पानावर जावंच लागेल. त्या दुसऱ्या नेटवर्कबद्दल पुढे येतंच आहे.

नेमकं कुठे बदलायचं?

पानावर `Wireless`, `WLAN` किंवा `Wi-Fi` असा विभाग शोधा. त्यात पासवर्डच्या रकान्याला कोणी `Pre-Shared Key` म्हणतं, कोणी `WPA Passphrase`, कोणी सरळ `Password`. बऱ्याच डब्यांत २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ यांची पानं वेगळी असतात. एकीकडे बदललं आणि दुसरीकडे राहिलं, तर फोन हॉलमध्ये चालतो आणि बेडरूममध्ये पासवर्ड चुकीचा म्हणतो. दोन्हीकडे बदला.

त्याच पानावर सुरक्षेचा प्रकार `WPA2-PSK` आणि `AES` असा दिसत असेल तर आज त्याला हात लावू नका. `WPA3` जास्त मजबूत आहे हे खरं, पण स्वस्त बल्ब, प्लग आणि जुने प्रिंटर त्याला जोडत नाहीत. पासवर्ड आणि सुरक्षा दोन्ही एकदम बदललं, तर बल्ब नेमका कशाने अडला हे ओळखता येत नाही. `WPS`, म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडायची सोय, चालू असेल तर मात्र बंद करा. त्याच्या आठ आकडी पिनमधली चूक २०११ साली उघड झाली: पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे सुमारे अकरा हजार प्रयत्नांत तो सापडतो. पिन फुटला की तुमचा नवा पासवर्ड कितीही लांब असून उपयोग नाही.

पासवर्ड कसा असावा?

८ ते ६३ अक्षरांचा, आणि फक्त इंग्रजी कीबोर्डवरच्या चिन्हांचा. देवनागरी अक्षरं चालत नाहीत. फोनवर मराठी कीबोर्ड लावलेला असेल तर आकडेही देवनागरी पडू शकतात. नजरेला ५ हा ५च असतो, पण राउटरच्या लेखी ते वेगळं चिन्ह आहे. म्हणून पासवर्ड लिहिताना कीबोर्ड इंग्रजीवर आणा.

मी लोकांना एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन लिपीत, सगळे लहान अक्षरांत, मध्ये आडवी रेघ देऊन लिहायला सांगतो. उदाहरणार्थ `kothimbir-shidi-pankha-vitti`. हाच वापरू नका, पण घाट असा ठेवा. हा लांब आहे, आजीला फोनवर सांगता येतो, आणि टीव्हीच्या रिमोटने टाकताना दर अक्षराला शिफ्ट शोधावी लागत नाही. अर्धविराम, अपूर्णविराम, स्वल्पविराम, उलटी तिरपी रेघ आणि अवतरण चिन्हं टाळा. क्यूआर कोडमध्ये त्यांना वेगळा अर्थ असतो आणि घरी बनवलेला कोड त्यामुळे फसतो. स्पेसही नको, काही कॅमेऱ्यांचे अ‍ॅप शेवटची स्पेस गिळतात.

नेटवर्कचं नाव तेच ठेवू की बदलू?

मुख्य नाव तेच ठेवा. नाव बदलल्याने सुरक्षेत भर पडत नाही.

मात्र याच वेळी दुसरं नेटवर्क तयार करा, आणि ह्याच्यावर माझा सगळ्यात जास्त भर आहे. बल्ब, प्लग आणि कॅमेरा यांना आज तसंही नव्याने जोडायचंच आहे. मग त्यांना मुख्य नेटवर्कवर परत आणण्यापेक्षा वेगळ्या नावावर न्या. पुढच्या वेळी पेइंग गेस्ट बदलला की फक्त मुख्य पासवर्ड बदलायचा; फोन, लॅपटॉप, टीव्ही, प्रिंटर जोडायचे, आणि स्टुलावर चढून कॅमेरा उतरवायला लागणार नाही. अट एकच: दुसऱ्या नेटवर्कचा पासवर्ड कोणत्याही माणसाला द्यायचा नाही, पाहुण्यालाही नाही.

राउटरमध्ये हे `Guest Network` नावाने असतं. फायबरच्या डब्यांत बऱ्याचदा `SSID 2`, `SSID 3` अशा बंद असलेल्या जागा असतात, त्यातली एक चालू करायची. ते फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालू करा, कारण स्वस्त स्मार्ट वस्तूंना ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही. मुलुंडच्या घरात मुख्य नेटवर्क `MulundGhar` आणि दुसरं `MulundGhar-Vastu`.

टीव्ही, प्रिंटर आणि स्पीकर मुख्य नेटवर्कवरच ठेवा. फोनवरचा व्हिडिओ टीव्हीवर टाकायला किंवा लॅपटॉपवरून छापायला दोघं एकाच नेटवर्कवर लागतात, आणि गेस्ट नेटवर्क सहसा तो रस्ता बंद ठेवतं. प्लग, बल्ब आणि बहुतेक कॅमेरे कंपनीच्या सर्व्हरमार्फत बोलतात, त्यामुळे त्यांचं वेगळ्या नेटवर्कवर अडत नाही.

सेव्ह केलं आणि फोन तुटला. काही बिघडलं का?

नाही. `Apply` किंवा `Save` दाबताच राउटर सगळ्यांना बाहेर काढतो, तुम्हालाही. एक-दोन मिनिटं थांबा. राउटर त्या वेळात स्वतः बंद होऊन चालू होऊ शकतो, म्हणून घाबरून प्लग काढू नका.

खरी पंचाईत होते ती पासवर्ड टाकताना एखादं अक्षर चुकलं तर. तुम्हाला वाटतं एक, राउटरमध्ये असतं दुसरं. हे टाळायला पासवर्ड आधी फोनच्या नोट्समध्ये लिहा, कीबोर्डने पहिलं अक्षर आपोआप मोठं केलं नाही ना ते बघा, मग तिथून कॉपी करून दोन्ही रकान्यांत चिकटवा आणि सेव्ह करण्याआधी डोळ्याचं चिन्ह दाबून वाचा. हे काम लॅन केबलने जोडलेल्या लॅपटॉपवरून केलं तर सर्वांत उत्तम, कारण वाय-फाय तुटलं तरी पान हातात राहतं. अडकलातच तर केबल लावा आणि पान परत उघडून राउटरमध्ये काय पडलंय ते वाचा.

कोणत्या क्रमाने जोडायचं?

आधी तो फोन ज्यात बल्ब-कॅमेऱ्याची अ‍ॅप्स आहेत. मग रिपीटर, कारण आतल्या बेडरूममधलं सगळं त्याच्या मागे आहे. तो जोडेपर्यंत तिथला टीव्ही कितीही वेळा पासवर्ड टाकला तरी जोडत नाही आणि लोक टीव्हीला दोष देतात. त्यानंतर लॅपटॉप, बाकीचे फोन, टीव्ही, प्रिंटर. शेवटी निवांतपणे पडदा नसलेल्या वस्तू.

रिपीटर परत कसा जोडायचा?

रिपीटर राउटरला जुन्या पासवर्डने हाका मारत असतो. त्याचं स्वतःचं नेटवर्क चालू दिसतं, फोन त्याला जोडतोही, पण इंटरनेट येत नाही. त्याच्या अ‍ॅपमध्ये किंवा पानावर जाऊन मुख्य नेटवर्क पुन्हा निवडा आणि नवा पासवर्ड द्या. पान उघडत नसेल तर रिसेट करून राउटरच्या जवळच्या बोर्डावर लावा, तिथे जोडून घ्या आणि मग मूळ जागी न्या. रिपीटरच्या स्वतःच्या नेटवर्कचा पासवर्ड वेगळा साठवलेला असतो, तोही बदला. मुलुंडच्या घरात तोही मोबाइल नंबरच होता, आणि तो राहिला असता तर गेलेला पाहुणा बेडरूमच्या बाजूने आत येऊ शकला असता.

जुन्या जाड भिंतींच्या घरांत, म्हणजे गिरगाव-दादरकडच्या इमारतींत, दोन-दोन रिपीटर असतात. राउटरच्या जवळचा आधी, लांबचा नंतर.

फोन जुनाच पासवर्ड धरून बसलाय.

नाव तेच असल्यामुळे फोन साठवलेला पासवर्ड पाठवतो. काही फोन नवा विचारतात, काही नुसतंच `Saved` दाखवून गप्प बसतात. नेटवर्कच्या नावावर जाऊन `Forget` करा आणि नव्याने जोडा. विंडोज लॅपटॉपवर सेटिंग्जमध्येही विसरता येतं, किंवा ही आज्ञा द्या (नाव तुमचं टाका):

```
netsh wlan delete profile name="MulundGhar"
```

ऑफिसच्या लॅपटॉपवर आधी व्हीपीएन बंद करा, वाय-फाय जोडा, मग व्हीपीएन चालू करा.

आजीच्या फोनसाठी टाइप करत बसू नका. जोडलेल्या अँड्रॉइड फोनवर वाय-फायच्या तपशिलात `Share` दाबलं की क्यूआर येतो, तो आजीच्या फोनने स्कॅन करायचा. कायमचा कोड छापून कपाटाच्या आतल्या बाजूला लावायचा असेल तर त्यातला मजकूर असा असतो:

```
WIFI:T:WPA;S:MulundGhar;P:kothimbir-shidi-pankha-vitti;;
```

हा कोड ऑनलाइन कुठल्याही साइटवर बनवू नका, पासवर्ड त्यांच्या हातात जातो. फोनवरच्या क्यूआरचा स्क्रीनशॉट छापला तरी तेच काम होतं.

टीव्ही आणि प्रिंटर?

टीव्हीचं सोपं: सेटिंग्जमध्ये नेटवर्क, नाव निवडा, पासवर्ड टाका. फोनलाच रिमोट बनवून वापरत असाल तर तो फोन-रिमोट आता चालणार नाही, कारण तो वाय-फायवरून बोलतो. खरा रिमोट आणि त्याचे सेल आधी शोधून ठेवा.

प्रिंटरला पडदा असेल तर त्याच्या वायरलेस सेटअपमध्ये नवा पासवर्ड द्या. पडदा नसेल तर वायरलेसचं बटण दाबून त्याचा दिवा लुकलुकवायचा आणि कंपनीच्या अ‍ॅपमधून जोडायचा. किती वेळ दाबायचं ते मॉडेलप्रमाणे बदलतं, अ‍ॅप सांगतं. जोडल्यावरही लॅपटॉप `Offline` म्हणत असेल तर बहुधा प्रिंटरला नवा आयपी पत्ता मिळालाय. लॅपटॉपवरून प्रिंटर काढून परत जोडा.

बल्ब आणि प्लग काही केल्या जोडत नाहीत. काय करू?

इथेच सगळ्यांचा वेळ जातो, म्हणून सावकाश सांगतो.

पहिली गोष्ट, अ‍ॅपमधून बल्ब काढून टाकू नका. बहुतेक अ‍ॅप्समध्ये त्याच खात्यावरून परत जोडलं की नाव, खोली आणि वेळापत्रक तसंच राहतं. काढून टाकलं की सगळं पुन्हा बसवावं लागतं.

दुसरी, बल्बला जोडणीच्या अवस्थेत आणा. बल्ब भिंतीच्या बटणाने ठरावीक वेळा चालू-बंद करायचा, साधारण तीन ते पाच वेळा, दर वेळी सेकंदभर थांबून. तो भराभर लुकलुकू लागला की तयार. प्लगचं बटण काही सेकंद दाबून धरायचं, दिवा लुकलुकेपर्यंत. लुकलुकला नाही तर पुढे काहीही करून उपयोग नाही, हीच पायरी पुन्हा करा. हॉलमध्ये एकाच बटणावर दोन बल्ब असतील तर दोन्ही एकदम लुकलुकतात आणि अ‍ॅप गोंधळतं. एक होल्डरमधून काढून ठेवा. काढण्याआधी बटण बंद करा आणि बल्ब गार होऊ द्या.

तिसरी, फोन त्या वेळी `MulundGhar-Vastu` ला जोडलेला हवा. अ‍ॅप फोन ज्या नेटवर्कवर आहे तेच बल्बला सांगतं. फोन ५ गिगाहर्ट्झवर असेल तर जोडणी बहुधा अर्ध्यावर अडकून अयशस्वी होते आणि चूक बल्बची वाटते. अ‍ॅपला लोकेशनची परवानगी द्या, आयफोनवर `Local Network` चीही. ती नाकारलेली असेल तर अ‍ॅपला समोरचा बल्ब दिसत नाही.

तरीही जमलं नाही तर अ‍ॅपमधला दुसरा मार्ग वापरा, जिथे बल्ब हळूहळू लुकलुकतो आणि स्वतःचंच छोटं वाय-फाय लावतो. फोन त्याला जोडायचा. ह्या नेटवर्कवर इंटरनेट नाही असं फोन सांगतो आणि निमूटपणे दुसरीकडे पळतो. त्याला ‘तरीही जोडून ठेवा’ म्हणा आणि अ‍ॅपमध्ये परत या. हा मार्ग कंटाळवाणा आहे, पण हट्टी प्लग यानेच वठणीवर येतात.

मुलुंडच्या घरात बल्ब लगेच जोडले, प्लग अडला. कारण गिझरचा प्लग बाथरूमच्या बाहेर, राउटरपासून दोन भिंती पलीकडे, आणि रिपीटर फक्त मुख्य नेटवर्क पुढे नेतो, `MulundGhar-Vastu` नाही. असे प्लग राउटरजवळ आणून जोडले आणि मग परत नेले तर कधी तग धरतात, कधी पुन्हा तुटतात. दिवसभर तुटला तर त्या एकाला रिपीटरच्या नेटवर्कवर ठेवा आणि कागदावर तशी नोंद करा. मात्र सोळा अँपिअरचा प्लग हॉलमधल्या सहा अँपिअरच्या बोर्डात बसत नाही. अडॅप्टर लावून नुसता जोडायला चालेल, गिझर त्यावर चालवू नका.

कॅमेऱ्यातलं रेकॉर्डिंग जाईल का?

मेमरी कार्डावरचं रेकॉर्डिंग रिसेटने जात नाही. जोडताना अ‍ॅपने कार्ड `Format` करायचं विचारलं तर नाही म्हणा. काही कॅमेऱ्यांत अ‍ॅपमधूनच वाय-फाय बदलता येतं, पण त्यासाठी कॅमेरा त्या क्षणी जुन्या नेटवर्कवर चालू असावा लागतो. म्हणून शहाणपणाचा क्रम असा: मुख्य पासवर्ड बदलण्याआधी `MulundGhar-Vastu` चालू करा, आणि अशी सोय असेल तर अ‍ॅपमधूनच कॅमेरा तिकडे हलवा. बल्ब-प्लगच्या अ‍ॅपमध्येही अशी सोय सापडली तर तेच करा. मग रिसेटची गरजच उरत नाही.

ती सोय नसेल तर कॅमेरा उतरवा, रिसेट करा, आणि अ‍ॅपचा क्यूआर लेन्ससमोर साधारण वीतभर अंतरावर धरा. फोनची चमक पूर्ण वाढवा. टुंग आवाज आला की वाचला.

स्पीकर?

त्याच्या अ‍ॅपमध्ये उपकरणाच्या सेटिंग्जमध्ये वाय-फाय बदला. काही कंपन्यांच्या स्पीकरमध्ये आधी जुनं नेटवर्क विसरायला लावतात आणि नव्याने सेटअप करावा लागतो. आवाजाने लावलेले दिवे चालत नसतील तर बल्ब आधी त्यांच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये चालू आहेत का ते बघा.

गेस्ट नेटवर्कला जुनंच नाव आणि जुना पासवर्ड दिला तर सगळं आपोआप जोडेल ना?

जोडेल. मुख्य नेटवर्कला नवं नाव दिलंत तर ही युक्ती खरोखर चालते. पण पेइंग गेस्टचा फोनही तसाच आपोआप जोडेल. मग बदललं काय? घाईत एक-दोन दिवस कॅमेरा चालू ठेवायला ही सोय वापरा, आणि ती बंद करायची तारीख कागदावर लिहून ठेवा.

काहीच जमेना, रिसेटचं बटण दाबू का?

राउटरचं नको. बल्ब-प्लगच्या रिसेटने त्यांचंच जोडलेलं जातं. राउटरच्या रिसेटने इंटरनेटचं कनेक्शनही जाऊ शकतं. बऱ्याच स्थानिक केबलवाल्यांच्या कनेक्शनमध्ये राउटरच्या आत `PPPoE` चं युजरनेम आणि पासवर्ड भरलेला असतो. रिसेटने तो पुसला जातो आणि केबलवाला येईपर्यंत घरात इंटरनेट नाही, आणि रविवारी तो येईलच असं नाही. म्हणून पहिल्याच लॉगिनला `WAN` किंवा `Internet` च्या पानाचा फोटो काढून ठेवा. त्यातला पासवर्ड ठिपक्यांत दिसेल, तो केबलवाल्याकडून लिहून घ्या.

जोडलंय, पण इंटरनेट नाही.

मग पासवर्डचा दोष नाही. पासवर्ड चुकीचा असता तर जोडलंच नसतं. डब्यावर `LOS` चा दिवा लाल असेल तर फायबर तुटली किंवा निघाली आहे, कंपनीला फोन करा. तो शांत असेल आणि फक्त एकाच खोलीत अडचण असेल तर रिपीटर बघा.

सगळं जोडलं गेलं हे कसं पडताळायचं?

राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी आणि तुमचा कागद समोरासमोर ठेवा आणि एकेक खूण करा. यादीत उरलेलं अनोळखी काही असेल तर आता त्याला अर्थ आहे, कारण नवा पासवर्ड घरातल्यांखेरीज कोणाकडे नाही. मुलुंडच्या घरात एक उरलं होतं: कागदावर लिहायचा राहिलेला सेट-टॉप बॉक्स, मुलीने आपणहून जोडला होता. गिझरचा प्लग दुसऱ्या दिवशी सकाळी ठरल्या वेळी चालू झाला का ते बघून मगच त्याच्यापुढे खूण करा.